खाडीवरच्या बंधाऱ्यातून वीज किती आणि दिवसाला किती तास : ला रान्सच्या आकड्यांवरून हिशेब शिकण्याची पद्धत

भरती-ओहोटीच्या पाण्यावर वीज तयार करणाऱ्या बंधाऱ्याबद्दल वाचताना दोन प्रश्न पडतात. खाडीच्या पाण्याचे क्षेत्रफळ आणि भरती-ओहोटीतील पातळीचा फरक एवढे ठाऊक असले, तर वीज किती मिळेल? आणि ही वीज दिवसातले किती तास मिळेल? दोन्ही प्रश्नांची कामचलाऊ उत्तरे कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन काढता येतात. ती कशी काढायची हे पुढे पायरीपायरीने सांगितले आहे. उदाहरण म्हणून फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील सें-मालो गावाजवळचा ला रान्स बंधारा घेतला आहे. तो १९६६ साली सुरू झाला आणि अजूनही वीज देतो, त्यामुळे आपला हिशेब प्रत्यक्ष उत्पादनाशी ताडून पाहता येतो. नवशिक्याला याहून चांगली पाटी मिळणे अवघड आहे.

आधी बंधारा काय करतो ते पाहू

नदी समुद्राला मिळते त्या मुखाच्या आत आडवा बंधारा घातलेला असतो. त्यात काही ठिकाणी उघडझाप करणारे दरवाजे असतात आणि काही ठिकाणी टर्बाइन बसवलेली असतात. भरती येताना दरवाजे उघडे ठेवून पाणी आत घेतात, भरती पूर्ण झाली की दरवाजे बंद करतात. बाहेर समुद्र ओसरू लागतो, आतले पाणी मात्र उंचावरच कोंडलेले राहते. आत-बाहेरच्या पातळीत पुरेसा फरक पडला की ते पाणी टर्बाइनमधून समुद्रात सोडतात. कोकणातल्या खारबंदिस्तीची उघाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी हे चित्र उलटे करून डोळ्यांसमोर आणावे : उघाडी भरतीचे पाणी आत येऊ देत नाही आणि ओहोटीला आतले पाणी सहज निघून जाऊ देते, तर इथे भरतीचे पाणी मुद्दाम आत घेऊन ओहोटीला अडवून धरायचे असते.

आत-बाहेरच्या पातळीतील या फरकाला अभियंते शीर्ष म्हणतात, आणि भरतीची सर्वांत वरची व ओहोटीची सर्वांत खालची पातळी यांतील फरकाला भरतीची कक्षा म्हणतात. हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नयेत. कक्षा निसर्ग ठरवतो. शीर्ष मात्र दर मिनिटाला बदलते, आणि ते किती राहील हे बरेचसे बंधारा चालवणाऱ्याच्या हातात असते.

पहिली पायरी : कक्षा नीट मोजा

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत आज इतक्या मीटरची भरती आहे असा इशारा छापून येतो. तो आकडा कक्षा नसतो. नकाशांसाठी ठरवलेल्या एका स्थिर शून्य पातळीपासून पाणी किती उंच चढेल, एवढेच तो सांगतो. समजा भरतीची उंची ४.७ मीटर दिली आहे आणि त्याच कोष्टकात पुढच्या ओहोटीची उंची १.८ मीटर आहे, तर कक्षा २.९ मीटर झाली. पुढे दिसेल की ऊर्जा कक्षेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे २.९ ऐवजी ४.७ घेतले तर उत्तर दीडपट नव्हे, तर अडीचपटीहून अधिक फुगते. म्हणून भरती-ओहोटीच्या कोष्टकातून प्रत्येक भरतीची उंची घेऊन तिच्यातून लगतच्या ओहोटीची उंची वजा करावी, आणि मिळालेली कक्षाच हिशेबात वापरावी.

दुसरी गोष्ट अशी की कक्षा रोज सारखी नसते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि कक्षा मोठी असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि कक्षा लहान राहते. ला रान्सला वर्षाची सरासरी कक्षा सुमारे ८.२ मीटर आहे आणि मोठ्या उधाणाला ती १३.५ मीटरपर्यंत जाते. अनेक दिवसांचा हिशेब करताना कक्षांची सरासरी काढून तिचा वर्ग करण्यापेक्षा प्रत्येक कक्षेचा वर्ग करून मग सरासरी काढणे योग्य. एका भरतीला ५ मीटर आणि दुसरीला ११ मीटर कक्षा असेल तर सरासरी ८ आणि तिचा वर्ग ६४ येतो. पण वर्गांची सरासरी २५ आणि १२१ यांवरून ७३ येते. हा चौदा टक्क्यांचा फरक आहे. प्राथमिक अंदाजाला मात्र सरासरी कक्षा चालते, आणि पुढचे उदाहरण त्याच सोयीने केले आहे.

दुसरी पायरी : एका ओहोटीतील कमाल ऊर्जा

जलाशय भरतीच्या पातळीपर्यंत भरला आहे आणि समुद्र ओहोटीच्या तळाशी गेला आहे अशी कल्पना करा. आतल्या पाण्याचा वरचा थर पूर्ण कक्षेएवढा खाली येणार आहे, तळचा थर जवळजवळ काहीच खाली येणार नाही. म्हणजे सगळे पाणी सरासरीने अर्ध्या कक्षेइतके खाली येते. पाण्याचे वजन क्षेत्रफळ गुणिले कक्षा या प्रमाणात आहे आणि ते अर्धी कक्षा उतरते, म्हणून कक्षा दोनदा गुणली जाते. तिचा वर्ग सूत्रात कुठून येतो याचे उत्तर एवढेच आहे. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १,०२५ किलो आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा ९.८१ घेऊन सगळे सोपे केले, तर लक्षात ठेवण्याजोगे सूत्र मिळते :

ऊर्जा (मेगावॉट-तास) = १.४ × क्षेत्रफळ (चौरस किलोमीटर) × कक्षा² (मीटरमध्ये)

एक मेगावॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील एक हजार युनिट. ला रान्सच्या जलाशयाचे क्षेत्रफळ २२.५ चौरस किलोमीटर सांगितले जाते. कक्षा ८.२ घेतली तर तिचा वर्ग ६७.२ येतो, आणि एका ओहोटीची कमाल ऊर्जा सुमारे २,११५ मेगावॉट-तास, म्हणजे एकवीस लाख युनिटांहून थोडी अधिक ठरते.

भरतीचे एक चक्र १२ तास २५ मिनिटांचे असते, म्हणून वर्षात सुमारे ७०६ चक्रे होतात. गुणाकार केला तर वर्षाला जवळपास १४९ कोटी युनिट येतात. प्रत्यक्षात ला रान्स वर्षाला साधारण ५० कोटी युनिट देते, म्हणजे सूत्राच्या एक-तृतीयांश. अनेक लेख आणि सादरीकरणे सूत्राच्या आकड्यावरच थांबतात आणि तेवढी वीज मिळणार असे गृहीत धरतात. मला ते अर्धवट काम वाटते, कारण खरा विषय उरलेल्या दोन-तृतीयांशांचे काय झाले हाच आहे.

तिसरी पायरी : क्षेत्रफळ कोणत्या पातळीचे?

खाडी ही उभ्या भिंतींची टाकी नसते. काठ उतरते असतात, पाणी खाली गेले की चिखलाची मैदाने उघडी पडतात आणि पाण्याचे क्षेत्रफळ आक्रसते. ला रान्सचे २२.५ चौरस किलोमीटर हे जलाशय वरपर्यंत भरलेला असतानाचे क्षेत्रफळ आहे. याची खूण त्याच जलाशयाच्या दुसऱ्या आकड्यात सापडते. त्याची उपयुक्त क्षमता सुमारे १८ कोटी ४० लाख घनमीटर दिली जाते. क्षेत्रफळ सर्वत्र २२.५ असते, तर १३.५ मीटरच्या कक्षेत ३० कोटी घनमीटर पाणी मावले असते. क्षमतेला १३.५ ने भागले की सरासरी क्षेत्रफळ १३.६ चौरस किलोमीटर निघते. वीज तयार करताना आपण बहुतेक वरच्या अर्ध्या भागातले पाणी वापरतो, जिथे पसारा थोडा मोठा असतो, म्हणून पुढे १५ चौरस किलोमीटर धरू.

नव्या ठिकाणचा अंदाज करताना हीच काळजी घ्यावी. उपग्रहचित्र भरतीच्या वेळचे आहे की ओहोटीच्या, हे पाहिल्याशिवाय त्यावरून क्षेत्रफळ मोजू नये. शक्य असेल तर वेगवेगळ्या पातळ्यांची दोन-तीन क्षेत्रफळे घ्यावीत.

चौथी पायरी : तासागणिक हिशेब

किती तास वीज मिळेल या प्रश्नाला सूत्र नाही. त्यासाठी घड्याळ घेऊन बसावे लागते. समुद्राची मधली पातळी शून्य मानली तर ८.२ मीटर कक्षेत समुद्र अधिक ४.१ आणि उणे ४.१ यांच्या दरम्यान वरखाली होतो, आणि त्याचा आलेख साधारण कोसाइन वक्रासारखा असतो. म्हणजे भरतीच्या टोकाजवळ तो हळू सरकतो, मध्यावर वेगाने उतरतो आणि तळाशी पुन्हा रेंगाळतो.

ला रान्समध्ये प्रत्येकी १० मेगावॉटची २४ टर्बाइन आहेत, एकूण क्षमता २४० मेगावॉट. ही बल्ब प्रकारची टर्बाइन आहेत : जनित्र पाण्याच्या प्रवाहातच एका बंद कवचात बसवलेले असते, त्यामुळे थोड्या शीर्षावर मोठा प्रवाह घेता येतो. सोपेपणासाठी सगळी मिळून सेकंदाला ६,००० घनमीटर पाणी सोडतात आणि कार्यक्षमता ८५ टक्के आहे असे मी धरले आहे. हे दोन्ही आकडे हिशेबापुरते आहेत, पण वस्तुस्थितीपासून फार दूर नाहीत. त्यातून दोन गोष्टी निघतात. प्रत्येक मीटर शीर्षामागे सुमारे ५१ मेगावॉट वीज मिळते. आणि तासाभरात २ कोटी १६ लाख घनमीटर पाणी बाहेर जात असल्याने १५ चौरस किलोमीटरच्या जलाशयाची पातळी तासाला १.४४ मीटरने उतरते.

आता भरती पूर्ण झाल्याच्या क्षणापासून तास मोजू. पहिल्या तासाअखेर समुद्र जेमतेम अर्धा मीटर उतरलेला असतो. दोन तासांनी शीर्ष १.९ मीटर होते. आपण तीन तास थांबून मग टर्बाइन सुरू करू.

| भरतीनंतर तास | समुद्र (मी.) | जलाशय (मी.) | शीर्ष (मी.) | वीज (मेगावॉट) |
|---|---|---|---|---|
| ३ | ०.२ | ४.१ | ३.९ | १९९ |
| ४ | −१.८ | २.७ | ४.५ | २३० |
| ५ | −३.४ | १.२ | ४.६ | २३५ |
| ६ | −४.१ | −०.२ | ३.९ | १९९ |
| ७ | −३.८ | −१.७ | २.१ | १०७ |

सातव्या तासाला समुद्र पुन्हा चढू लागलेला असतो आणि जलाशय अजून उतरतच असतो. दोन्ही बाजूंनी शीर्ष घटते, म्हणून टर्बाइन बंद करणेच योग्य ठरते. चार तासांत सुमारे ८१६ मेगावॉट-तास वीज मिळाली. पुढे सुमारे साडेआठव्या तासाला समुद्राची पातळी जलाशयाइतकी होते, तेव्हा दरवाजे उघडतात आणि पुढच्या भरतीपर्यंत जवळपास चार तास जलाशय भरत राहतो. थोडक्यात बारा तास पंचवीस मिनिटांच्या चक्रात तीन तास वाट पाहणे, चार तास वीज, दीड तास पुन्हा वाट पाहणे आणि उरलेला वेळ भरणे अशी वाटणी होते.

वर्षाच्या ७०६ चक्रांनी गुणले तर सुमारे ५७ कोटी ६० लाख युनिट येतात. प्रत्यक्षातले उत्पादन ५० कोटींच्या आसपास आहे, म्हणजे आता आपण वस्तुस्थितीच्या बरेच जवळ आलो. उरलेल्या फरकाची कारणे ओळखीची आहेत. शीर्ष कमी झाले की टर्बाइनमधून पाणीही कमी जाते आणि कार्यक्षमता घसरते. भांगाच्या दिवशी शीर्षच पुरेसे मिळत नाही, उधाणाला जनित्रांची कमाल मर्यादा आड येते, आणि काही यंत्रे दुरुस्तीसाठी बंद असतात.

पाचवी पायरी : थांबण्याची वेळ बदलून पाहा

वरचे कोष्टक दोन तासांनंतरच टर्बाइन सुरू करून पुन्हा मांडा. यंत्रे जवळपास तितकेच तास फिरतात, पण शीर्ष ३.१ मीटरच्या वर जातच नाही, आणि चार तासांची वीज सुमारे ५५० मेगावॉट-तासांवर येते. एक तास घाई केल्याची किंमत सुमारे एक-तृतीयांश. याउलट चार तास थांबले तर सुरुवातीलाच शीर्ष ५.९ मीटर असते आणि पाणी ३०० मेगावॉट देऊ शकते, पण जनित्रे २४० च्या पुढे जात नाहीत. एकूण वीज ८०० च्या आसपासच राहते. सर्वांत फायद्याची वेळ या दोन टोकांच्या मध्ये असते, आणि ती त्या दिवसाच्या कक्षेप्रमाणे सरकते. नवख्या माणसाला अधिक तास म्हणजे अधिक वीज असे वाटते. हा व्यवहार तसा नाही, येथे उंचीला तासांपेक्षा अधिक भाव आहे.

सहावी पायरी : दिवसाचे तास मोजताना

चोवीस तासांत भरतीची पूर्ण दोन चक्रे बसत नाहीत, १.९३ बसतात. म्हणून चक्राला चार तास धरले तर दिवसाला सरासरी ७.७ तास यंत्रे फिरतात. यंत्रे, कक्षा आणि चालवण्याची रीत यांप्रमाणे ओहोटीवर चालणाऱ्या बंधाऱ्याला दिवसाला आठ ते दहा तास मिळू शकतात. पण हे तास सलग नसतात. त्यांचे दोन तुकडे असतात, आणि दोन्ही तुकडे रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकतात. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशेब जुन्या मंडळींच्या तोंडी असे, आणि तो इथेही कामी येतो. पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकराच्या सुमारास भरती. त्यात आपले तीन तास मिळवले तर दुपारी सव्वादोन ते सव्वासहा वीज मिळेल. पंचमीला भरती पावणेचारला येते, म्हणून वीज संध्याकाळी पावणेसात ते रात्री पावणेअकरा. एकाच पंधरवड्यात हा बंधारा कधी संध्याकाळच्या मागणीला धावून येईल, कधी तिच्या अगदी आधी थांबेल. पण हे सगळे कित्येक वर्षे आधी लिहून ठेवता येते. वाऱ्याच्या विजेबाबत असे म्हणता येत नाही.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. यंत्रे फिरण्याचे तास वेगळे आणि पूर्ण क्षमतेचे समतुल्य तास वेगळे. ला रान्सचे ५० कोटी युनिट २४० मेगावॉटने भागले तर वर्षाला सुमारे २,०८० तास, म्हणजे दिवसाला ५.७ तास होतात. यंत्रे याहून बराच जास्त वेळ फिरतात, पण त्यातला बराच वेळ अर्ध्या किंवा पाऊण क्षमतेवर. एखाद्या प्रकल्पाच्या माहितीत तास लिहिले असतील, तर ते यांपैकी कोणते हे आधी विचारावे.

तास वाढवण्याचे दोन मार्ग ला रान्समध्ये पहिल्यापासून आहेत. पहिला म्हणजे भरतीच्या वेळी पाणी आत येतानाही टर्बाइन चालवणे. त्याने तास वाढतात, पण वीज दुप्पट होत नाही, कारण जलाशयाचा खालचा भाग अरुंद असतो आणि जलाशय पूर्ण भरायला वेळ अपुरा पडतो. दुसरा मार्ग मला अधिक चतुर वाटतो. भरतीच्या टोकाला आत-बाहेरची पातळी जवळपास सारखी असताना तीच टर्बाइन पंपासारखी उलटी चालवून जलाशय थोडा आणखी भरतात. सरासरी अर्धा मीटर चढवलेले पाणी काही तासांनी चार मीटरच्या शीर्षावरून खाली येते, त्यामुळे पंपाला दिलेली वीज नुकसान वजा जाताही कितीतरी पटींनी परत मिळते. दक्षिण कोरियाच्या सिह्वा येथील २५४ मेगावॉटचा बंधारा मात्र फक्त भरतीच्या पाण्यावर चालतो, कारण तिथे आतल्या तलावाची पातळी खाली ठेवायची आहे.

सातवी पायरी : काय बिघडते आणि कसे ओळखायचे

पहिले तपासण्याजोगे स्थान म्हणजे भरतीच्या टोकाला जलाशयाची पातळी. समुद्र ४.१ मीटरला पोचला आणि जलाशय ३.८ वरच राहिला, तर दरवाजे अपुरे आहेत किंवा ते उशिरा उघडले गेले. तीस सेंटिमीटर क्षुल्लक वाटतात, पण वरच्या कोष्टकात प्रत्येक तासाचे शीर्ष तेवढ्याने घटते आणि एकूण वीज सुमारे साडेसात टक्क्यांनी कमी होते. रोजच्या नोंदीत या दोन पातळ्या शेजारी शेजारी लिहिल्या की दोष लगेच दिसतो.

दुसरा बिघाड सावकाश होतो. बंधाऱ्यामागे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ बसतो आणि जलाशयाची क्षमता घटते. भरलेल्या जलाशयाच्या पृष्ठभागाकडे पाहून हे कळत नाही, कारण वरचे क्षेत्रफळ तेवढेच राहते. पण तेवढेच पाणी सोडताना पातळी पूर्वीपेक्षा वेगाने उतरू लागते. तासाला १.४४ मीटर उतरणारा जलाशय काही वर्षांनी १.६ मीटर उतरू लागला, तर त्या पट्ट्यातील क्षेत्रफळ १५ वरून १३.५ चौरस किलोमीटरवर आले असा त्याचा अर्थ होतो.

तिसरी मर्यादा हिशेबाच्या बाहेरची आहे, पण अंदाजावर थेट परिणाम करते. ला रान्स बांधताना १९६३ ते १९६६ या काळात खाडी समुद्रापासून पूर्ण तोडली होती, त्यामुळे आतली जीवसृष्टी जवळपास नष्ट झाली आणि पुन्हा स्थिरावायला साधारण दहा वर्षे लागली. आज नवा बंधारा उभारताना खाडीतली भरती-ओहोटी काही प्रमाणात चालू ठेवावी लागते, होड्यांसाठी ठरावीक पातळी राखावी लागते, आणि अशा प्रत्येक अटीसाठी कोष्टकातला एखादा तास किंवा अर्धा मीटर शीर्ष खर्ची पडते.

स्वतःच्या किनाऱ्यासाठी

ही पद्धत भारतीय किनाऱ्याला लावायची तर कक्षेचे वर्ग आधी पाहावेत. खंबातच्या आखातात सरासरी कक्षा ६.७७ मीटर आणि कच्छच्या आखातात ५.२३ मीटर दिली जाते. त्यांचे वर्ग सुमारे ४६ आणि २७, ला रान्सचा ६७. म्हणजे प्रत्येक चौरस किलोमीटरमागे खंबातला ला रान्सच्या दोन-तृतीयांशांहून किंचित अधिक आणि कच्छला चार-दशांश ऊर्जा उपलब्ध आहे. मुंबईच्या खाडीत ३ मीटर कक्षा धरली तर वर्ग ९ येतो. १५ चौरस किलोमीटरच्या जलाशयाला सूत्र १८९ मेगावॉट-तास देते, त्यातले अर्धे हाती लागले तरी एका ओहोटीला पंचाण्णव हजार युनिट. शिवाय शीर्ष दीड-दोन मीटरच्या आसपासच राहिल्याने तेवढ्या विजेसाठी टर्बाइन मोठी आणि अधिक लागतील. कोकणातल्या खाड्यांवर असे बंधारे घालण्याची सूचना अधूनमधून होते, तेव्हा सूचना करणाऱ्याने हा वर्ग काढून पाहिला आहे का, एवढे आधी विचारावे.